आकडे उजवीकडे सरकवले, तरी रांग वाकडी का दिसते?

वार्षिक अहवालातल्या तक्त्यात आकड्यांचा रकाना उजवीकडे जुळवला, तरी काम अर्धंच होतं. १,२४५.५, ८६ आणि (१२.२५) एकाखाली एक ठेवून बघा: ८६ मधला एकक ६ वरच्या दशांश ५ खाली जातो आणि नजर फसते. म्हणून एका रकान्यात दशांश स्थळं सारखीच ठेवा: १,२४५.५, ८६.० आणि (१२.३). तोट्याचा कंसही आकडा डावीकडे ढकलतो. एक्सेलमध्ये हे फॉरमॅट द्या:

```
#,##0.0_);(#,##0.0)
```

यातला `_)` धन आकड्यांच्या उजवीकडे कंसाएवढी जागा मोकळी सोडतो, मग दशांश चिन्हं एकाखाली एक येतात.

एकक प्रत्येक आकड्यामागे लिहू नका. रकान्याच्या शीर्षकात एकदाच ‘नफा/तोटा (लाखांत)’ लिहा आणि शीर्षकही उजवीकडेच जुळवा. टक्केवारीला मात्र वेगळा रकाना हवा.

एकाआड एक ओळीला जेमतेम पाच टक्के करडी छटा पुरते. गडद छटा झेरॉक्समध्ये ठिपकेदार होते, आणि आधी दशांश बिंदूच त्यात हरवतो. एक पान कृष्णधवल छापून पाहा. बेरजेच्या ओळीला छटा नको. वर बारीक रेघ आणि ठळक अक्षरं द्या.