यू-नळीच्या आकृतीच्या फोटोवरून अज्ञात द्रवाची घनता कशी काढावी

अकरावीच्या भौतिकशास्त्रात द्रवांच्या दाबाचे प्रकरण सुरू झाले की माझ्या मोबाईलवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. वहीच्या किंवा प्रश्नपत्रिकेच्या पानावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी काढलेली असते, तिच्यात एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव असतात, शेजारी दोनतीन बाण आणि आकडे असतात, आणि खाली एका द्रवाची घनता विचारलेली असते. अशा वेळी विद्यार्थ्याला सहसा एवढेच सांगितले जाते की उंची आणि घनता यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा धरा आणि किमती घाला. हे सूत्र खरे आहे, पण त्यातली उंची कोठून कोठपर्यंत मोजायची हे सांगितल्यावाचून ते हाती देणे मला चुकीचे वाटते, कारण या उदाहरणात चुकण्याजोगी जागा तेवढी एकच आहे.

समजा, फोटोतल्या नळीची दोन्ही तोंडे उघडी आहेत. उजव्या भुजेत, तळाच्या वळणात आणि डाव्या भुजेच्या खालच्या भागात पाणी आहे, तर डाव्या भुजेत त्या पाण्यावर तेल उभे आहे. तेलाच्या स्तंभाची लांबी २०.० सेंटीमीटर दिली आहे आणि दोन्ही भुजांतील वरच्या पृष्ठभागांच्या उंचीतला फरक १.८ सेंटीमीटर दिला आहे. नळीच्या तळापासून तेल आणि पाणी यांच्या सीमेपर्यंतचे अंतर ६.० सेंटीमीटर असल्याचेही एका बाणावर लिहिलेले आहे. पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि तेलाची काढायची आहे.

प्रथम फोटो मोठा करून प्रत्येक बाणाची दोन्ही टोके पाहावीत. बाण ज्या बारीक आडव्या रेघेला टेकतो ती रेघ नळीपर्यंत मागे नेली की तो बाण कोणत्या पातळीचा आहे हे कळते. फोटोत पानाची घडी त्या रेघेवरून जात असेल किंवा फ्लॅशच्या चकाकीत तेल दाखवणारे ठिपके पुसट झाले असतील, तर अंदाज बांधत बसू नये, सरळ दुसरा फोटो मागवावा. यानंतर कोणता द्रव हलका आहे हे ठरवावे. जो दुसऱ्यावर उभा असतो तो हलका, आणि त्याचाच वरचा पृष्ठभाग अधिक उंच असला पाहिजे. आपल्या उदाहरणात तेलाचा पृष्ठभाग पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा १.८ सेंटीमीटर वर आहे, त्यामुळे आकृती सुसंगत आहे.

समान दाबाची रेघ

आता मुख्य पायरी. डाव्या भुजेत तेल जिथे संपते आणि पाणी सुरू होते, त्या सीमेवरून एक आडवी रेघ थेट उजव्या भुजेपर्यंत ओढावी. ही रेघ मनातल्या मनात न ओढता फोटोच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने, किंवा पडद्यावर कागदाची सरळ कडा धरून, प्रत्यक्ष ओढावी असा माझा आग्रह आहे. या रेघेवर दोन्ही भुजांतला दाब सारखा असतो, कारण रेघेखाली एका भुजेपासून दुसरीपर्यंत एकच द्रव अखंड पसरलेला आहे आणि स्थिर असलेल्या एकाच द्रवात सारख्या पातळीवर दाब सारखाच असतो. या वाक्यातले ‘एकाच द्रवात’ हे शब्द वगळले की पुढचे सगळे बिघडते.

रेघ सीमेच्या वर घेतल्यास काय होते ते आकड्यांतच पाहावे. सीमेच्या १० सेंटीमीटर वरच्या पातळीवर डाव्या भुजेत वर १० सेंटीमीटर तेल उरते, आणि त्याचा दाब ९.१ सेंटीमीटर पाण्याइतका असतो. उजव्या भुजेत त्याच पातळीच्या वर ८.२ सेंटीमीटर पाणी असते. म्हणजे पातळी सारखी असूनही दाब सारखे नाहीत, कारण त्या उंचीवर एका बाजूला तेल आहे आणि दुसऱ्या बाजूला पाणी. आपण जसजसे खाली येतो तसा हा फरक कमी होत जातो आणि बरोबर सीमेवर नाहीसा होतो, तेथे दोन्ही बाजूंना १८.२ सेंटीमीटर पाण्याइतका दाब भरतो. हलक्या द्रवात खाली जाताना दाब सावकाश वाढतो आणि जड द्रवात भराभर वाढतो, म्हणून दोघांची गाठ याच पातळीवर पडते.

रेघ एकदा बरोबर ओढली की तिच्या वर जे आहे तेवढेच मोजायचे. डावीकडे २०.० सेंटीमीटर तेल आहे आणि उजवीकडे २०.० वजा १.८ म्हणजे १८.२ सेंटीमीटर पाणी आहे. वातावरणाचा दाब दोन्ही उघड्या तोंडांवर सारखाच असल्याने तो गळून पडतो.

तेलाची घनता × २०.० = १००० × १८.२

यावरून तेलाची घनता ९१० किलोग्रॅम प्रति घनमीटर येते. भुजांची रुंदी कमीजास्त असली तरी या गणितात तिचा संबंध येत नाही. सेंटीमीटरचे मीटर करत बसण्याचीही गरज नाही, कारण येथे दोन उंचींचे गुणोत्तर घ्यायचे आहे.

येणाऱ्या चुकीच्या उत्तरांपैकी दोन लगेच पकडली जातात. फरकाचा आकडाच पाण्याची उंची समजून १.८ ला २०.० ने भागले तर घनता ९० येते, म्हणजे तेल बुचाच्या लाकडापेक्षाही हलके ठरते. गुणोत्तर उलटे घेतले तर घनता सुमारे १०९९ येते, पण इतके जड तेल पाण्यावर उभे राहणारच नाही. तिसरी चूक मात्र मला स्वतःला बराच काळ कळली नव्हती आणि तिच्याविषयी मी प्रत्येकाला बजावून सांगतो. मी दोन्ही भुजांतली उंची नळीच्या तळापासून मोजत असे. उजवीकडे ६.० अधिक १८.२ म्हणजे २४.२ आणि डावीकडे ६.० अधिक २०.० म्हणजे २६.० घेऊन भागाकार केला की ९३१ येतात. हा आकडा तेलाला अगदी शोभतो, म्हणून मनात शंकाच येत नाही. उत्तरपत्रिकेवर लाल रेघ पडली तेव्हाही मी बेरीजवजाबाकी तपासत राहिलो, आणि ती तर बरोबरच होती. तळापासून मोजणे हा यातला खरा दोष नव्हता, डावीकडचे सगळे २६.० सेंटीमीटर तेलच आहे असे धरणे हा दोष होता. तळ हीच पातळी घ्यायची असेल तर डावीकडे २०.० सेंटीमीटर तेल आणि ६.० सेंटीमीटर पाणी असे वेगवेगळे मांडावे लागते. मग दोन्हीकडचे ६.० सेंटीमीटर पाणी एकमेकांना छेदते आणि पुन्हा ९१० हेच उत्तर मिळते. उत्तर शक्य वाटते म्हणून ते बरोबर मानू नये, रेघ कोठे ओढली आहे ते पाहावे.

आकडे दिलेले नसतील तर

आकृतीवर आकडे लिहिलेले असतील तर फोटोवर पट्टी कधीही लावू नये. पुस्तकातली आकृती प्रमाणात काढलेली असतेच असे नाही, त्यामुळे लिहिलेला आकडा आणि दिसणारी लांबी यांत विसंगती आढळली तर लिहिलेलाच आकडा घ्यावा. आकृती आलेख कागदावर असेल किंवा उंची मोजूनच काढा असे सांगितले असेल, तेव्हा मात्र फोटो कसा काढला आहे याला महत्त्व येते. मोजमाप पडद्यावरच्या कोणत्याही एककात चालते, कारण प्रमाण भागाकारात निघून जाते. फोटो तिरका असेल तर मात्र ती चूक निघून जात नाही.

हे समजण्यासाठी कोणत्या मापातली चूक किती भोवते ते पाहावे. सीमा ओळखण्यात एक मिलिमीटर चूक झाली तर दोन्ही स्तंभ सारखेच वाढतात, १८.३ भागिले २०.१ होतात आणि उत्तरात अर्ध्या किलोग्रॅमचाही फरक पडत नाही. वरच्या दोन पृष्ठभागांतला फरक १.८ ऐवजी १.९ वाचला तर मात्र उत्तर ९१० वरून ९०५ वर येते. म्हणून सगळी काळजी त्या लहान फरकावर खर्च करावी. नेमका तोच फरक तिरक्या फोटोत बिघडतो. दोन भुजा एकमेकींपासून ६ सेंटीमीटर दूर असतील आणि फोटो केवळ एक अंश कललेला असेल, तर एक भुजा दुसरीपेक्षा सुमारे एक मिलिमीटर वर दिसते. एक अंशाचा कल डोळ्यांना जाणवतही नाही. त्यामुळे फोटोची कडा आडवी मानून रेघ ओढू नये. आलेख कागदाची आडवी ओळ, वहीची छापील ओळ किंवा आकृतीतली टेबलाची रेघ हाच आधार घ्यावा. फोटोत दोन्ही भुजा वर जाताना जवळ येत असतील तर मोबाईल पानाशी तिरपा धरला होता असे समजावे. पानाचे चारही कोपरे फोटोत असतील तर कागदपत्रे स्कॅन करण्याच्या सोयीने तो सरळ करता येतो, नाहीतर मोबाईल पानाच्या बरोबर वर धरून पुन्हा फोटो काढावा.

पद्धतीत बदल कोठे करावा लागतो

एक तोंड बुचाने बंद केलेले दिसले तर आत अडकलेल्या हवेचा दाब वातावरणाइतका असेलच असे नाही, आणि तो दाब दिल्याशिवाय वरचे साधे समीकरण लावता येत नाही. पाणी आणि स्पिरिट यांची जोडी असेल तर दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांच्यामध्ये पारा ठेवलेला असतो. अशा आकृतीत पाऱ्याची पातळी दोन्ही भुजांत सारखी आहे असे प्रश्नात स्पष्ट लिहिलेले आहे का, हे आधी वाचावे. तसे लिहिले असेल आणि एका बाजूला १२.० सेंटीमीटर पाणी व दुसऱ्या बाजूला १५.० सेंटीमीटर स्पिरिट असेल, तर स्पिरिटची घनता १००० × १२.० ÷ १५.० म्हणजे ८०० येते.

तसे लिहिलेले नसेल तर फोटोत पारा समपातळीत दिसतो एवढ्यावर विसंबू नये. त्याच नळीत आणखी एक सेंटीमीटर पाणी ओतले तर पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असल्याने त्याच्या दोन पातळ्यांत पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरक पडतो. फोटोत तो दिसणार नाही. मग पारा समपातळीत धरून १३.० ला १५.० ने भागले जाते आणि ८०० च्या जागी ८६७ हे उत्तर लिहिले जाते.