फोटोतली रोजकीर्द टॅलीत नेण्याआधी

फोटो काढतानाच वहीचे एक पान म्हणजे एक फोटो असे धरावे. पानाचा क्रमांक, मागील शिल्लक आणि तळाची बेरीज या तिन्ही गोष्टी फोटोत वाचता आल्या पाहिजेत, कारण पुढची सगळी तपासणी पानागणिक होणार आहे. बांधणीकडच्या बाजूला रकमेचा शेवटचा अंक वळणात लपतो, म्हणून वही सपाट दाबून घ्यावी. फाइलला पानाचाच क्रमांक द्यावा.

एक्सेलमध्ये सात रकाने पुरतात: पान, तारीख, बाजू, वहीतले नाव, टॅलीतले नाव, रक्कम, तपशील. बाजूच्या रकान्यात वहीतलाच शब्द, जमा किंवा नावे, लिहावा. कीर्दीत डावीकडे जमा असते. तिथे ज्याचे नाव आहे त्याचे खाते क्रेडिट होते आणि रोकड डेबिट, म्हणजे टॅलीत ते रिसीट व्हाउचर. नावे बाजूची नोंद पेमेंट. ‘डावी बाजू डेबिट’ हे पाठ असलेला नवा मुलगा इथे अख्खी वही उलटी करून ठेवतो. ‘बँकेत भरले’ ही नावे बाजूची नोंद मात्र काँट्रा होते, आणि पासबुकावरून तीच पुन्हा घेतली तर ती दोनदा चढते. श्री शिल्लक, मागील पानावरून आणि पुढे नेले या ओळी व्यवहार नाहीत, त्या नोंदीत घेऊ नयेत.

तारीख वहीत दिवसाला एकदाच लिहिलेली असते आणि वर्ष बहुधा मुखपृष्ठावर. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला पूर्ण तारीख हवी. जानेवारी ते मार्चच्या नोंदींना पुढचे वर्ष लावायला हमखास विसरले जाते. वही दिवाळी पाडव्याला उघडलेली असेल तर एकाच वहीत दोन आर्थिक वर्षे येतात, तेव्हा ३१ मार्चला फाइल तोडून दोन कराव्यात. दुसरा घोळ संगणकाच्या सेटिंगचा. तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/04/2024 ची ४ मे होते, आणि 17/04/2024 ला सतरावा महिनाच नसल्याने ती नुसता मजकूर म्हणून राहते. काही तारखा रकान्यात डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झाले आहे असे समजावे. रकान्याला dd-mmm-yyyy असे रूप दिले की महिना अक्षरात दिसतो आणि चूक लपत नाही.

खात्यांची नावे टॅलीतून यादी काढून तिच्यावरूनच निवडावीत, टाइप करू नयेत. वहीत ‘पाटील’, ‘पाटील सर’ आणि ‘बाळू पाटील’ हा एकच माणूस असू शकतो, किंवा तीन. ते दुकानदारालाच विचारावे, अंदाजाने जोडू नये. उत्तर येईपर्यंत ती ओळ सस्पेन्समध्ये राहू द्यावी. नावामागची मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, ती अशी काढावी:

```
=TRIM(D2)
```

रक्कम 0 ते 9 या अंकांतच भरावी. रुपये आणि पैशांचे दोन रकाने जोडले गेले की १,२५० चे १,२५,००० होतात, आणि ‘१२५०/-’ मधली तिरकी रेघ कधी कधी एक म्हणून वाचली जाते. हाताने लिहिलेले १ आणि ९ तर नेहमीचेच.

आता पान जुळवावे. समजा, १७ व्या पानावर मागील शिल्लक १२,४५०, जमा १८,६००, नावे २१,७३० आणि अखेर शिल्लक ९,३२० आहे. तुमच्या नोंदींवरून मात्र ९,६८० येते. फरक ३६०, त्याला ९ ने भाग जातो, म्हणून आधी अंकांची अदलाबदल शोधावी. ३६० म्हणजे ९० च्या चौपट, तेव्हा शतक आणि दशक स्थानचे, एकमेकांपासून ४ ने दूर असलेले अंक उलटले असण्याचा संभव जास्त. नावे बाजूला ४,७३० च्या जागी ४,३७० सापडतात. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कमही शोधावी. १,५०० ची जमा नावे बाजूला गेली की शिल्लक ३,००० नी चुकते. सगळ्या ओळी फोटोशी जुळूनही फरक उरला, तर लिहिणाऱ्याची बेरीज चुकलेली असते. ती चूक तशीच टिपून ठेवावी, रक्कम वाकवून पान जुळवू नये. तीच शिल्लक पुढच्या पानावर गेलेली असणार, हेही ध्यानात ठेवावे.

आयातीआधी टॅलीचा बॅकअप घ्यावा. टॅलीप्राइम 4.0 पासून एक्सेल फाइल थेट घेता येते. Alt+O दाबून आधी Masters, मग Transactions. पहिल्यांदा एकाच पानाच्या नोंदी घालून डे बुक पाहावे. अर्ध्या नोंदी नाकारल्या गेल्या म्हणून अख्खी फाइल पुन्हा घातली, तर आत गेलेल्या नोंदी दुप्पट होण्याचा धोका असतो. नाकारलेल्या तेवढ्याच ओळी वेगळ्या काढून दुरुस्त कराव्यात. शेवटी टॅलीतल्या कॅश बुकची शिल्लक महिनाअखेरीच्या पानांवरच्या श्री शिल्लकीशी लावून पाहावी.