सीए फर्मचं लेटरहेड आणि ईमेलची सही: या चुका टाळा

लहान सीए फर्मचं काम माझ्याकडे बहुतेक वेळा अर्धवट अवस्थेत येतं. लेटरहेड छापून झालेलं असतं आणि मग कुणाला तरी आठवतं की ईमेलची सहीही ‘तशीच’ हवी. ही ‘तशीच’ची हौसच निम्म्या भानगडींचं मूळ आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेटरहेडचा वरचा पट्टा चित्र म्हणून काढायचा आणि तोच सही म्हणून चिकटवायचा. दोन भागीदारांच्या एका फर्मने हे केलं होतं. भागीदारांच्या भाच्याने दहा मिनिटांत ‘करून दिलं’ होतं, आणि दिसायला खरंच छान होतं. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची धावपळ सुरू झाली तेव्हा तक्रारी आल्या. एका बँकेच्या आउटलुकमध्ये बाहेरून आलेली चित्रं बंद होती, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याला सहीच्या जागी रिकामी चौकट दिसायची. फोन नंबर चित्रात, म्हणजे कॉपी करता येत नाही आणि मोबाइलवर टिचकी मारून लावताही येत नाही. पण खरा वैताग वेगळाच होता. फर्मच्या प्रत्येक मेलला image001.png जोडलेलं यायचं. ऑडिट रिपोर्ट शोधायला क्लायंटने ‘अटॅचमेंट असलेले मेल’ चाळले, तर ‘ओके सर’ एवढंच लिहिलेले मेलसुद्धा त्यात हजर.

मी नाव, फर्म, फोन, पत्ता हे सगळं खऱ्या अक्षरांत टाइप करतो. चित्र एकच, लोगोचं. तो १२० पिक्सेल रुंद दिसायला हवा असेल तर फाइल २४० ची बनवतो, म्हणजे मोबाइलवर धूसर दिसत नाही. मात्र रुंदी थेट सहीच्या एचटीएमएल कोडमधल्या img टॅगमध्येच लिहायची. विंडोजवरचं जुनं आउटलुक मेल वर्डच्या इंजिनावर दाखवतं. रुंदी फक्त स्टाइलमध्ये लिहिली तर ते दुर्लक्ष करतं आणि लोगो दुप्पट आकाराचा येतो.

```
<img src="..." width="120" alt="फर्मचं नाव">
```

दुसरी लाडकी चूक फॉन्टची. लेटरहेडवर इंटरनेटवरून उतरवलेला देखणा फॉन्ट आणि सहीतही तोच. पाठवणाऱ्याच्या संगणकावर तो असतो, म्हणून त्याला सगळं ठीक दिसतं. क्लायंटकडे तो नसतो, मग आउटलुक बऱ्याचदा गुपचूप टाइम्स न्यू रोमन लावतं. त्यामुळे मी उलटा निघतो: आधी सहीचा फॉन्ट ठरवतो, जॉर्जिया किंवा एरियलसारखा जवळजवळ सगळ्या संगणकांवर सापडणारा, आणि लेटरहेडचा पत्ता-फोन त्याच फॉन्टमध्ये लावतो. फर्मचं नाव वेगळ्या वळणात हवं असेल तर ते लोगोच्या चित्रात जाऊ द्या. नाव देवनागरीत असेल तर हाच रस्ता बरा.

रंगाचं मात्र नेमकं उलट. तिथे छपाई आधी. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो आणि मग प्रेसवाल्याला दोष दिला जातो. मी छापलेला नमुना हातात घेतो आणि त्याच्या शेजारी पडद्यावरचा रंग जुळवतो. #1F3A5F च्या आसपासचा गडद निळा दोन्हीकडे निभावतो. पारदर्शक पार्श्वभूमीचा गडद लोगो डार्क मोडमध्ये काळ्यावर काळा होऊन गायब होतो, म्हणून लोगोभोवती थोडी पांढरी जागा फाइलमध्येच ठेवा.

आता खास सीएंच्या गोष्टी. फर्मचा नोंदणी क्रमांक, म्हणजे एफआरएन, लेटरहेडवर छापलेला चालतो. सभासद क्रमांक छापू नका. सही कोणता भागीदार करतो त्यावर तो ठरतो, म्हणून सहीखाली टाइप होऊ द्या. ‘यूडीआयएन:’ अशी रिकामी रेघ तळाशी छापून घेणारे मी पाहिलेत. यूडीआयएन प्रत्येक प्रमाणपत्राला आणि रिपोर्टला वेगळा असतो. साध्या पत्रावर ती रेघ रिकामीच राहते आणि वाचणाऱ्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. नावाखाली ‘टॅक्स कन्सल्टंट’ लिहायचा मोह आवरा, आयसीएआयला ते चालत नाही, ईमेलच्या सहीतही नाही. सीएचा लोगोही आपल्या रंगसंगतीत रंगवायचा नसतो. ‘मॅच होत नाही’ म्हणून तो राखाडी करणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

पाच हजार प्रती एकदम छापू नका. भागीदार बदलतात, पत्ते बदलतात.

आणि छपाईला हिरवा कंदील देण्याआधी लेटरहेडची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. नेट वर्थचं प्रमाणपत्र बँकेत असंच फिरतं. फिकट राखाडी तळटीप दुसऱ्या प्रतीत पुसली गेली, तर रंग गडद करा आणि अक्षर आठ पॉइंटाच्या खाली नेऊ नका.