शेवटची कलाटणी आणि बंद पडलेला रेडिओ

कलाटणीची कथा लिहायला बसलेला नवा माणूस सगळी ताकद माहिती दडवण्यात घालवतो. मीही त्यातलाच. दडवू नका. वाचकाला सगळं द्या, फक्त त्या क्षणी त्याचं लक्ष दुसरीकडे असू द्या.

माझीच एक कथा घ्या. मिरजेतला वाडा. खालच्या खोलीतला कॉलेजचा भाडेकरू गोष्ट सांगतोय. वर रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा, मुलगा आणि सून. मुलाची नोकरी गेलीय, तरी घर चाललंय. शेवटी कळतं की आजोबा पावसाळ्यात गावीच वारले आणि पेन्शनसाठी घरच्यांनी ते लपवलं. पहिल्या खर्ड्यात हे शेवटच्या पानावर गावाहून आलेल्या पत्रातून कळायचं. कथा साभार परत. योग्यच झालं, जे वाचकाला ओळखताच येणार नव्हतं, ते आयत्या वेळी आणून त्याच्यावर आपटलं होतं.

मग पत्र काढून टाकलं. आता पहिल्याच पानावर रेडिओ बंद पडला की आजोबा वरून असे ओरडतात, की भाडेकरूचा अभ्यास होत नाही. वाचक हसतो आणि पुढे जातो. गावाहून मंडळी रात्री परततात, वरचा रेडिओ पुन्हा सुरू होतो. एका संध्याकाळी वीज जाते, रेडिओ थांबतो, मेणबत्ती शोधताना सून जिन्यावरून घसरते आणि सगळे तिच्याकडे धावतात. वरून कुणी ओरडत नाही. पण हे वाक्य कथेत नाही! ते लिहिलं की वाचक सावध झालाच. रेडिओ थांबल्याचे दोनच शब्द, तेही परिच्छेदाच्या मध्यात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ येते, तेव्हा भाडेकरूला ती संध्याकाळ आठवते. घर कशावर चाललंय, हा वाचकाच्या मनातला प्रश्नही तिथेच सुटतो.

हीच कथा मुलाच्या तोंडून सांगितली तर मोठी पंचाईत. त्याला सगळं माहीत आहे, मग तो गप्प का? हे जमतं, पण फार कष्टानं. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीत (गुपित फोडतोय, माफ करा) खुनी निवेदक सांगतो, की पत्र आलं नऊला वीस मिनिटं असताना आणि तो निघाला नऊला दहा असताना. मधली खुनाची दहा मिनिटं तो गाळतो, पण तिथे एकही वाक्य खोटं लिहीत नाही. सुरुवातीला या वाटेला जाऊ नका.

‘आधी शेवट लिहा, मग मागे जा’ असं कार्यशाळांमध्ये सांगतात. मला ते पटत नाही. तसं केलं की खुणा नंतर चिकटवलेल्या दिसतात. त्यापेक्षा खर्डा पुरा झाल्यावर शेवट माहीत असलेल्या मित्राला वाचायला द्या आणि खोटं वाटेल त्या वाक्याखाली रेघ मारायला सांगा. रेघा पुष्कळ येतील, घाबरू नका. बहुतेक वाक्यं थोडी फिरवली की सुटतात. ‘आजोबा वर झोपले होते’ याचं मी ‘आजोबांच्या खोलीत दिवा नव्हता’ केलं.