तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

तिकिटावर फ्लाइट नंबर AI ने सुरू होतो, पण खाली बारीक अक्षरात 'Operated by Lufthansa' असं छापलेलं असतं. मुंबई-फ्रँकफर्टला जाणारे बरेच जण ही ओळ वाचतच नाहीत आणि एअर इंडियाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. चेक-इन, काउंटर बंद होण्याची वेळ, सीट हे सगळं विमान उडवणाऱ्या कंपनीचं, म्हणजे इथे लुफ्थान्साचं. वेब चेक-इनही त्यांच्याच साइटवर. तिथे एअर इंडियाचा PNR चालला नाही तर घाबरू नका. लुफ्थान्साचा PNR बहुधा वेगळा असतो. तो एअर इंडियाकडून मागून घ्या किंवा 13 आकडी तिकीट नंबर टाकून पाहा.

सामानाचं गणित जरा तिरपं आहे. हातातल्या बॅगेला उडवणाऱ्याचा नियम लागतो. चेक-इन बॅगांसाठी मात्र दोन्ही साइट्स चाळत बसू नका, ई-तिकिटावरचा Baggage रकाना बघा. तिथे 1PC असेल तर एकच बॅग, मग आतलं वजन दोन बॅगांत वाटून चालत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या तिकिटावर पहिल्या टप्प्याला जी मर्यादा, तीच शेवटपर्यंत राहते. तिकिटाची प्रिंट जवळ ठेवा, काउंटरवर वाद झाला तर तीच दाखवायची.