पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सणाच्या शुभेच्छा पाठवताना (गाईडसाठी)

घरापासून लांब, सणासुदीला हॉस्टेलवरच थांबलेल्या संशोधक विद्यार्थ्याला गाईडचा मेसेज आला की तो आधी त्यात काम शोधतो. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं आणि त्या अहवालावर गाईडची सही लागते. नोंदणीला 6 वर्षांची मर्यादा असते, हेही तो विसरलेला नसतो. त्यामुळे ‘मनापासून लिहा, आपोआप जमेल’ हा सल्ला इथे कामाचा नाही. मनापासून लिहिलेल्या वाक्यातही तारीख लपून बसते.

आधी सोप्या गोष्टी. मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवा. ग्रुपवर एकाचं कौतुक केलं की बाकीचे स्वतःची त्याच्याशी तुलना करतात. ईमेल करणार असाल तर नवा करा. प्रकरणाच्या दुरुस्त्यांच्या जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवला, तर विषयाच्या ओळीत ‘प्रकरण 3’ तसंच राहतं आणि शुभेच्छा उघडायच्या आधीच धडकी भरते. सोबत काहीही जोडू नका.

खरी अडचण येते ती प्रोत्साहनाच्या वाक्यात. नेहमीचा मसुदा असा असतो:

“दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! चार दिवस मस्त विश्रांती घे आणि नव्या जोमाने कामाला लाग. येत्या वर्षात तुझा प्रबंध पूर्ण होवो.”

यात एकही कठोर शब्द नाही, पण मुदती तीन आहेत. ‘चार दिवस’ म्हटलं की पाचवा दिवस कामाचा ठरतो. ‘नव्या जोमाने’ म्हणजे विश्रांतीसुद्धा कामाच्या तयारीसाठीच, शिवाय आधीचा जोम कमी पडला असंही त्यातून ऐकू येतं. आणि ‘येत्या वर्षात’ ही तर आशीर्वादाच्या वेषातली सबमिशनची तारीखच. ‘तू नक्की करशील, खात्री आहे’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण तेही उरलेल्या कामाकडेच बोट दाखवतं. ‘लवकरच’, ‘अजून’, ‘शेवटचा टप्पा’ हे शब्दही काढून टाका.

उपाय व्याकरणात आहे. कामाबद्दलचं प्रत्येक वाक्य भूतकाळात लिहा, आणि विद्यार्थ्याने पूर्ण करून हातावेगळी केलेली एकच बारीक गोष्ट निवडा. ‘तू खूप मेहनती आहेस’ असं मोघम कौतुक नको. ते कोणालाही लिहिता येतं, आणि ज्याचं काम महिनाभर अडलं आहे त्याला ते टोमण्यासारखं लागतं. तुमच्या टेबलावर तपासायला पडलेल्या मसुद्यातलंही काही निवडू नका. त्याची स्तुती केली तरी ‘मग बाकीच्याचं काय?’ हा प्रश्न तिथेच उभा राहतो. वर्षभरापूर्वीचं फील्डवर्क, नीट लावलेली एखादी नोंदवही, सेमिनारमध्ये विचारलेला चांगला प्रश्न, अशा गोष्टी चालतात.

समजा, विद्यार्थिनीचं काम मुलाखतींवर आधारलेलं आहे. मग तोच मेसेज असा होईल:

“दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. तुझ्या मुलाखतींच्या टिपणांत एक गोष्ट मला फार आवडली होती. बोलणारी व्यक्ती जिथे गप्प झाली, तिथे ती किती वेळ गप्प होती हेही तू लिहून ठेवलं होतंस. तिचं ऐकताना तू घाई केली नव्हतीस, हे त्यातून कळलं. दिवाळी मजेत जावो. उत्तर पाठवायची गरज नाही.”

यात ‘तू किती प्रगती केलीस’ असं कुठेही नाही, कारण प्रगती मोजली की उरलेलं अंतरही मोजलं जातं. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. त्याशिवाय अनेकजण गाईडला उत्तर काय द्यावं यातच संध्याकाळ घालवतात. ‘घरची आठवण येत असेल ना?’ हेही टाळा. जो आठवण बाजूला सारून बसला आहे, त्याला तुम्ही ती नेमकी काढून देता. मूळ मसुद्यातलं ‘हार्दिक’ चाललं असतं. पण ते छापील कार्डावर जास्त शोभतं.

फेलोशिपचा फॉर्म किंवा अहवाल खरोखरच सणाच्या आठवड्यात भरायचा असेल, तर ते लपवणं हा अन्याय आहे. सणाच्या आधीच्या एखाद्या कामाच्या दिवशी वेगळा, कोरडा मेल करा: काय भरायचं, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत. शुभेच्छांमध्ये त्याचा उल्लेख नको. आणि विद्यार्थी खरंच खचलेला आहे असं माहीत असेल, तर मेसेजवर भागवू नका, फोन करा.

पाठवण्यापूर्वी मसुद्यातली क्रियापदं एकदा तपासा. कामाबद्दलचं एखादं भविष्यकाळात किंवा आज्ञार्थात असेल तर ते वाक्य काढा.

एवढं करूनही “सर, प्रकरणाचं काम चालू आहे, लवकरच पाठवतो” असं उत्तर आलं, तर तुमची शुभेच्छा आठवण म्हणून वाचली गेली आहे. अशा वेळी ‘सावकाश पाठव’ लिहू नका, कारण त्यातही ‘पाठव’ आहे. ‘सुट्टीनंतर बोलू’ हीसुद्धा तारीखच. “कामासाठी मेसेज केला नव्हता. आज सण आहे, म्हणून आठवण आली,” एवढंच लिहा आणि पुढचा मेसेज त्याच्याकडून येऊ द्या.