कोर्स पाच दिवसांचा, ऑडिट लॉग दोन हंगामांचा

हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत मी क्वालिटी बघतो. क्वालिटी व्यवस्थापनाचं मानक असलेल्या आयएसओ ९००१ चा लीड ऑडिटर कोर्स नागपुरात केला, सर्टिफिकेट फ्रेम करून घरी लावलं आणि आपण लीड ऑडिटर झालो असं समजून बसलो. तसं नसतं. ते सर्टिफिकेट प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा पास झाल्याचं असतं. ऑडिटर म्हणून नोंदणी वेगळी, आणि ती लॉगवर, म्हणजे केलेल्या ऑडिटच्या नोंदींवर मिळते.

कोर्स पाच दिवसांचा, साधारण चाळीस तासांचा. तो आयआरसीए किंवा एक्झेम्प्लर ग्लोबल या ऑडिटरांची नोंदणी करणाऱ्या संस्थांची मान्यता असलेला आहे ना, ते पैसे भरण्याआधीच बघा. पहिले दोन दिवस प्रोसेस अप्रोच आणि कलमं. आयएसओ ९००१ आधी वाचून गेला नसाल तर इथेच दम लागतो, कारण तुम्हाला कलमं येतात असं गृहीत धरूनच शिकवतात. पुढचे दोन दिवस ऑडिटचा आराखडा, चेकलिस्ट, ओपनिंग मीटिंगचं नाटक, नॉन-कन्फॉर्मिटी म्हणजे मानकाशी न जुळणारी गोष्ट लिहिणं. शेवटी परीक्षा. नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. पाचही दिवस तुम्ही कसं वागता, कसे प्रश्न विचारता, यावरही ट्रेनरची नजर असते.

माझी खरी पंचाईत लॉगमध्ये झाली. ऑडिट कसं करावं हे सांगणाऱ्या आयएसओ १९०११ च्या २००२ च्या आवृत्तीत एक तक्ता होता: ऑडिटर व्हायला तीन वर्षांच्या आत चार पूर्ण ऑडिट, मिळून किमान वीस दिवस, तेही जाणत्या टीम लीडरच्या हाताखाली. त्यानंतर लीड ऑडिटरसाठी दोन वर्षांच्या आत आणखी तीन ऑडिट, पंधरा दिवस, या वेळी स्वतः टीम लीडर म्हणून, पण पुन्हा जाणत्याच्या देखरेखीखाली. नंतरच्या आवृत्त्यांत तो तक्ता नाही. आज नोंदणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेचे आकडे तिच्या फॉर्ममध्ये असतात आणि तेच शेवटचे. पण हिशोबाची रीत समजायला हा तक्ता अजूनही उपयोगी आहे.

मी पहिल्यांदा लिहिलेल्या सहा नोंदी एका अनुभवी ऑडिटर सरांना दाखवल्या. त्यांनी पेन्सिलने चार खोडल्या. दोन माझ्याच लॅबच्या इंटर्नल ऑडिटच्या होत्या. स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः केलेलं चालत नाही. एकीत मी फक्त स्टोअर्स पाहिलं होतं, म्हणजे ते पूर्ण ऑडिट नव्हतंच. पूर्ण म्हणजे कागदपत्रं तपासून तयारी करण्यापासून जागेवरचं काम आणि रिपोर्टपर्यंत सगळं. चौथी नोंद वणीकडच्या एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, जूनमधली. फाटकावरच मुनीम म्हणाले होते, "जिनिंग बंद हाय भाऊ, कापूसच नाही तर पाहता काय? दिवाळीनंतर या." तरी मी रजिस्टरं चाळून एक दिवस लिहून टाकला. सरांनी एवढंच विचारलं, "चालू मशीन किती पाहिल्या?"

आपल्याकडची गोम इथेच आहे. सप्लायर ऑडिट, म्हणजे सेकंड पार्टी ऑडिट, आम्हाला हाताशी असतं, कारण गिरणी दहा ठिकाणच्या जिनिंगमधून गाठी घेते. पण जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळा लागता लागता थंडावते. ऑडिट त्या मधल्या महिन्यांतच बसवावी लागतात.

लहान जिनिंगला जागेवर एक दिवस लागतो, तयारी आणि रिपोर्टला अर्धा. म्हणजे दीड दिवस. चार ऑडिट झाली तरी दिवस भरतात सहाच, वीस कुठले! एसटीतला वेळ धरत नाहीत. शेवटी माझं गणित असं जमलं: दोन हंगामांत सरांच्या हाताखाली सहा जिनिंग, नऊ दिवस. आमच्याच ग्रुपच्या दुसऱ्या युनिटचं पूर्ण इंटर्नल ऑडिट, टीममध्ये राहून, तीन दिवस. आणि एका सर्टिफिकेशन संस्थेबरोबर ट्रेनी म्हणून दोन ऑडिट, प्रत्येकी चार दिवस. झाले वीस. त्या दोन जागा मिळवायलाच सर्वांत जास्त फोन करावे लागले, मानधनही नव्हतं. नुसत्या इंटर्नल ऑडिटवर लॉग भरायचा विचार असेल तर आधी फॉर्म वाचा, त्यावर मर्यादा असू शकते.

नोंद त्याच संध्याकाळी लिहा. तारखा, कंपनीचा पत्ता आणि संपर्क, कर्मचारी किती, ऑडिट कोणत्या प्रकारचं, तुमची भूमिका, टीममध्ये किती जण, जागेवरचे आणि बाहेरचे दिवस वेगवेगळे, आणि टीम लीडरची सही. माझ्या एका लीडरांनी मध्येच नोकरी बदलली. सहीसाठी चार महिने त्यांच्या मागे होतो.

रिपोर्टची प्रतही जपून ठेवा, पडताळणीत मागू शकतात. माझ्या पहिल्या रिपोर्टात होतं, "मॉइश्चर मीटर बरोबर नाही, कामगारांना ट्रेनिंग द्या." सरांनी ते परत लिहायला लावलं: "मापनाची उपकरणं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट झालेली हवीत, कलम ७.१.५. कापूस उतरवण्याच्या ओट्यावर वापरात असलेल्या मीटरच्या लेबलवर मुदत ३० सप्टेंबर, ऑडिट ११ नोव्हेंबरला. नवं कॅलिब्रेशन झाल्याची नोंद मिळाली नाही." मीटर चुकीचा दाखवतो हे मी तपासलंच नव्हतं. आणि ट्रेनिंग द्यायचं की दुसरं काही करायचं, हे जिनिंगवाल्यांनी कारण शोधून ठरवायचं.